सूत्रधार बाजूला होतो ती जागा : ‘मुद्राराक्षस’च्या प्रस्तावनेचं टप्प्याटप्प्याने वाचन

संस्कृत नाटक वाचायला किंवा बसवायला घेतलं की पहिली कात्री प्रस्तावनेवर चालते. सूत्रधार येतो, देवाला नमन करतो, कवीचं नाव सांगतो, नटीशी दोन शब्द बोलतो आणि जातो, तेव्हा हे सगळं उपचारापुरतं असावं असं वाटतं. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’मध्ये ही कात्री फार महाग पडते. त्यातली प्रस्तावना छापील दोन-तीन पानांची आहे, पण पुढच्या सात अंकांत जे घडतं त्याची चाल तिथेच बांधलेली आहे. म्हणून ही एकच प्रस्तावना घेऊन ती टप्प्याटप्प्याने कशी वाचावी, आणि रंगमंचावर आणताना कुठे घसरायला होतं, हे इथे मांडलं आहे. पद्धत हाती आली की ती ‘शाकुंतल’ किंवा ‘रत्नावली’लाही लावता येते.

आधी हद्द आखून घ्या

पुस्तक उघडल्यावर दोन खुणा शोधाव्यात. पहिली ‘नान्द्यन्ते सूत्रधारः’, म्हणजे नांदी, नाटकाआधीची मंगलस्तुती, संपल्यावर सूत्रधार बोलतो. दुसरी ‘इति प्रस्तावना’. या दोन खुणांमधला मजकूर ही प्रस्तावना. तिचं दुसरं नाव आमुख.

नांदीच्या आधीही बरंच काही होत असे. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची, म्हणजे नाटकापूर्वीच्या विधीची, १९ अंगं सांगितली आहेत. पहिली ९ पडद्याआड होतात. त्यांत वाद्यं मांडणं, सूर लावणं, गायक-वादकांची जुळवाजुळव असा भाग असतो. उरलेली १० प्रेक्षकांसमोर होतात आणि नांदी त्यांतलीच एक. हा पूर्वरंग कवी लिहीत नाही, तो नटमंडळींचा विधी आहे. कवीच्या हातात येते ती नांदीची श्लोकरचना आणि त्यानंतरची प्रस्तावना. म्हणून नाटकाच्या संहितेत पूर्वरंग सापडत नाही, आणि नांदी एका पायावर विधीत तर दुसऱ्या पायावर नाटकात उभी असलेली दिसते.

भासाच्या नावावर असलेली तेरा नाटकं वाचताना मात्र या खुणा जागा बदलतात. तिथे ‘नान्द्यन्ते ततः प्रविशति सूत्रधारः’ हे वाक्य पहिल्या श्लोकाच्याही आधी येतं, प्रस्तावनेला ‘स्थापना’ म्हटलेलं असतं आणि कवीचं नाव येत नाही. त्या नाटकांत पहिल्या श्लोकाला सरळ नांदी म्हणून मोकळं होऊ नये. तो नांदीनंतर सूत्रधाराने म्हटलेला मंगलश्लोक आहे.

सूत्रधार हा निवेदक नव्हे. तो नटमंडळीचा प्रमुख आहे आणि नटी त्याची बायको. तो तिला ‘आर्ये’ म्हणतो, ती त्याला ‘आर्य’. तो संस्कृतात बोलतो, ती प्राकृतात. जिथे नटीऐवजी पारिपार्श्विक, म्हणजे सूत्रधाराचा साहाय्यक नट, असतो तिथे तो सूत्रधाराला ‘भाव’ म्हणतो आणि सूत्रधार त्याला ‘मारिष’. ही संबोधनं लक्षात ठेवावीत, कारण त्यांच्यावरूनच कळतं की आपण अजून नटांच्या घरात आहोत, कथेच्या जगात शिरलेलो नाही.

पहिला टप्पा : नांदीत देव नव्हे, देवाचा गुण पाहा

‘मुद्राराक्षस’ची नांदी दोन श्लोकांची आहे. भरताने नांदी आठ किंवा बारा पदांची सांगितली. पद म्हणजे श्लोकाचा चरण धरला तर दोन श्लोकांची आठ पदं नेमकी भरतात. ‘शाकुंतला’त एकच श्लोक आहे, तिथे हा हिशेब बसत नाही आणि टीकाकार पदाचा अर्थ वेगळा घेतात. या मोजणीत फार अडकू नये. खरा प्रश्न पुढचा आहे : हा देव या क्षणी काय करतो आहे?

पहिल्या श्लोकात पार्वती शिवाला विचारते, ‘तुझ्या डोक्यावर बसलेली ही भाग्यवान कोण?’ तो म्हणतो, ‘शशिकला.’ ‘हे तिचं नाव का?’ ‘हो, नावच. तुला तर माहीत आहे, विसरलीस कशी?’ ‘मी बाईबद्दल विचारते आहे, चंद्राबद्दल नाही.’ ‘मग तुझ्या सखीला, विजयेला विचार, चंद्राची साक्ष पटत नसेल तर.’ शेवटच्या चरणात कवी म्हणतो की पार्वतीपासून गंगा लपवू पाहणाऱ्या शिवाचं हे ‘शाठ्य’ तुमचं रक्षण करो.

आशीर्वादाच्या जागी शाठ्य, म्हणजे लबाडी, आली आहे. शिवाने इथे एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. डोक्यावर चंद्रकोर आहेच. विचारलेल्या गोष्टीऐवजी शेजारच्या गोष्टीबद्दल खरं बोलून तो मूळ प्रश्न चुकवतो. पुढे चाणक्य हेच करतो. त्याचा प्रतिस्पर्धी राक्षस हा नंदांचा एकनिष्ठ अमात्य, आणि मुद्रा ही त्याची शिक्क्याची अंगठी. त्याने पेरलेल्या हेरांची कामं खरी असतात, राक्षसाची मुद्रा खरी असते, फक्त त्यांचा रोख दुसरीकडे वळवलेला असतो.

दुसऱ्या श्लोकात त्रिपुर जिंकलेला शिव नाचतो, पण अंग चोरून. पाय जोरात टाकला तर पृथ्वी खचेल, हात पसरले तर लोकांच्या पलीकडे जातील, नजर रोखली तर समोरचं जळेल. आधार पेलणार नाही म्हणून त्याला सांभाळून नाचावं लागतं, आणि कवी या नाचाला ‘दुःखनृत्त’ म्हणतो. नंदवंश जाळून बसलेला चाणक्य आता ज्या राज्यात वावरतो ते नवं आहे, तिथे पाऊल जपूनच टाकायला हवं. राक्षसाला मारून चालणार नाही, त्याला जिवंत धरून चंद्रगुप्ताचा अमात्य करायचं आहे.

इथे एक चूक सर्रास होते. शिव म्हणजे चाणक्य, पार्वती म्हणजे राक्षस, गंगा म्हणजे मुद्रा अशी जोड्या लावण्याची. असं केलं की दोन पावलांतच ओढाताण सुरू होते. नांदीतून एक गुण उचलावा आणि तो नाटकात पुन्हा भेटतो का एवढंच तपासावं. इथे गुण दोन मिळतात : लपवणारी हुशारी आणि आवरलेली ताकद. दोन्ही सातव्या अंकापर्यंत टिकतात, म्हणजे वाचन बरोबर आहे.

दुसरा टप्पा : सभेला काय सांगितलं आणि काय मागितलं

नांदीनंतर सूत्रधार ‘अलमतिप्रसङ्गेन’, पुरे झालं, म्हणून स्वतःच विधी थांबवतो. मग तो सांगतो की परिषदेने आज्ञा केली आहे : सामंत वटेश्वरदत्ताचा नातू आणि महाराजपद मिळवलेल्याचा मुलगा जो कवी विशाखदत्त, त्याचं ‘मुद्राराक्षस’ नावाचं नवं नाटक आज करायचं. इथे वहीत चार नोंदी कराव्यात : आज्ञा कोणाची, कवी कोण, नाटकाचं नाव काय, प्रयोगाचं निमित्त कोणतं. भवभूतीच्या नाटकांत निमित्त येतं, कालप्रियानाथाची यात्रा. इथे ते येत नाही. विशाखदत्ताला उत्सवाशी नव्हे, सभेशी काम आहे. सामंत आणि महाराज ही पदंही कानावर पडू द्यावीत. हा राजकारणाच्या घरातला कवी आहे हे आपल्याला अशा ओझरत्या उल्लेखातून कळतं.

मग सूत्रधार सभेची स्तुती करतो. चांगल्या शेतात पडलं तर अडाण्याचं पीकही तरारतं, साळीचा फुटवा पेरणाऱ्याच्या गुणांवर अवलंबून नसतो. या भागाला प्ररोचना म्हणतात. स्तुती करून प्रेक्षकाला उत्सुक करणं हे तिचं काम. पण शेताची उपमा वरवरची नाही. पेरणारा बालिश असला तरी चालेल, जमीन कसदार हवी, असं म्हणून सूत्रधार अर्थ काढण्याची जबाबदारी सभेवर टाकतो. लगेच पुढे येणारा श्लेष ज्याला कळणार नाही त्याला हे नाटक उघडणारच नाही.

तिसरा टप्पा : घरातली गोष्ट सोडू नका

संगीताची तयारी करायला सूत्रधार घरी जातो आणि पाहतो तर घरात सणासारखी धांदल. एक पाणी भरते आहे, एक गंध उगाळते आहे, एक रंगीबेरंगी माळा गुंफते आहे, एक मुसळाच्या प्रत्येक घावाला गोड हुंकार देते आहे. तो नटीला हाक मारतो, आणि ही हाक नीट ऐकण्यासारखी आहे. तो तिला गुणवती म्हणतो, उपायांचं निवासस्थान म्हणतो, त्रिवर्ग साधून देणारी म्हणतो आणि ‘मद्भवननीतिविद्ये’ म्हणतो, माझ्या घराची राजनीतिविद्या! गुण, उपाय, त्रिवर्ग म्हणजे धर्म-अर्थ-काम, हे सगळे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तले शब्द आहेत. राजनीतीत संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा गुण, आणि साम, दान, भेद, दंड असे चार उपाय. चुलीजवळच्या बायकोला हाक मारताना राज्यशास्त्राची परिभाषा वापरली जाते आणि घर क्षणभर दरबार होऊन जातं. हा श्लोक नुसता लाडाचा समजून गाळला तर पुढे चाणक्याचा आवाज येतो तेव्हा त्याला जमीनच मिळत नाही.

नटी सांगते, ब्राह्मणांना जेवायला बोलावलं आहे, कारण चंद्रग्रहण आहे असं कळलं. सूत्रधार म्हणतो की चौसष्ट अंगांच्या ज्योतिषात मी मेहनत घेतली आहे. ब्राह्मणांचा स्वयंपाक चालू दे, पण ग्रहणाबद्दल तुला कोणीतरी फसवलं आहे. मूळ शब्द ‘विप्रलब्धासि’.

माझ्या मते ही प्रस्तावनेतली सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. खोटी बातमी आली, तिच्यावर विश्वास बसला आणि सगळं घर कामाला लागलं. पाचव्या अंकात, राक्षस ज्याच्या बाजूने लढतो त्या राजपुत्र मलयकेतूच्या छावणीत हेच मोठ्या मापात घडतं : बनावट पत्र येतं, त्यावर राक्षसाची खरी मुद्रा असते, त्यावर विश्वास बसतो आणि सगळी युती कोसळते. घरच्या फसवणुकीत नुकसान काहीच नाही, ब्राह्मण जेवून जातील. तेच यंत्र पुढे माणसांचे जीव घेतं. नटीचं बोलणं दिग्दर्शकाने पोरकटपणे किंवा गंमतीत घ्यायला लावू नये. ती बातमीवर कृती करणारी शहाणी गृहिणी आहे, मूर्ख नव्हे. तरच फसणं कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं हे पोचतं.

चौथा टप्पा : सांधा

ग्रहण का होणार नाही हे सांगायला सूत्रधार श्लोक म्हणू लागतो :

क्रूरग्रहः सकेतुश्चन्द्रमसंपूर्णमण्डलमिदानीम् ।
अभिभवितुमिच्छति बलात्—

इथे तो अर्ध्यावर असताना नेपथ्यातून, म्हणजे पडद्यामागून, आवाज येतो : ‘अरे, मी असताना चंद्रावर चाल करू पाहणारा हा कोण?’ सूत्रधार उरलेला तुकडा पुरा करतो :

—रक्षत्येनं तु बुधयोगः ॥

या दोन ओळी सावकाश उलगडाव्यात. सूत्रधाराच्या मनात आहे ते असं : क्रूर ग्रह राहू केतूसह पूर्णबिंब चंद्राला बळाने ग्रासू पाहतो, पण बुधाचा योग त्याला राखतो. आत असलेल्या माणसाने ऐकलं ते असं : क्रूर हट्टाला पेटलेला राक्षस मलयकेतूसह चंद्रगुप्तावर चालून येतो, ज्याचं राज्यमंडल अजून पुरतं हातात आलेलं नाही, पण शहाण्या माणसाची योजना त्याला राखते. ग्रह म्हणजे ग्रह आणि आग्रह, केतु म्हणजे केतू आणि मलयकेतू, मंडल म्हणजे बिंब आणि राज्यांचं वर्तुळ, बुध म्हणजे बुध आणि शहाणा.

सर्वांत कसबी जागा ‘चन्द्रमसंपूर्णमण्डलम्’ ही आहे. ही अक्षरं ‘चन्द्रमसं पूर्णमण्डलम्’ अशीही फुटतात आणि ‘चन्द्रम् असंपूर्णमण्डलम्’ अशीही. ग्रहणासाठी पौर्णिमेचं पूर्ण बिंब हवं, चंद्रगुप्तासाठी अपुरं राज्य. एकाच ध्वनीत दोन्ही बसतात. म्हणून पाठ करताना ‘चन्द्रम्’नंतर श्वास घेऊ नये. तिथे थांबलात की एक अर्थ निवडला गेला आणि दुसरा मेला.

बुधयोगाचं गणित पंचांगात शोधायला मात्र जाऊ नये. बुध सूर्यापासून फार दूर कधीच जात नाही आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे आकाशात त्या दोघांची युती होऊच शकत नाही. टीकाकार इथे ज्योतिषातली समजूत सांगतात. वाक्य उभं आहे ते मात्र ‘बुध’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थावर.

आता आवाजाचा क्रम पाहा. पहिल्या वेळी नेपथ्यातून फक्त चंद्राचं नाव येतं, म्हणून नटी आश्चर्याने विचारते की पृथ्वीवर राहून चंद्राला ग्रहापासून वाचवू पाहणारा हा कोण? सूत्रधारही ओळखत नाही. तो म्हणतो, पुन्हा लक्ष देऊन आवाज ओळखतो, आणि श्लोक पुन्हा म्हणतो. दुसऱ्या वेळी नेपथ्यातून ‘चंद्रगुप्त’ असं पूर्ण नाव येतं. मग सूत्रधार ओळखतो : कौटिल्य! नटी घाबरते. सूत्रधार शेवटचा श्लोक म्हणतो : हा तो कुटिलबुद्धी कौटिल्य, ज्याने क्रोधाच्या आगीत नंदवंश जाळला. ‘चंद्राचं ग्रहण’ हे शब्द कानावर पडताच, नाव सारखं असल्याने, त्याला मौर्यचंद्रावर शत्रूची चाल आली असं वाटलं. आणि ‘चल, आपण इथून जाऊ’ म्हणून दोघं निघून जातात. लगेच सुटलेली शेंडी हाताने चाचपत चाणक्य प्रवेश करतो, तोंडात तेच वाक्य, आता तिसऱ्यांदा. आपल्या आवृत्तीत या तीन वाक्यांचे पाठ एकमेकांशेजारी लिहून काढावेत. चंद्र, मग चंद्रगुप्त, मग समोर उभा माणूस, अशी ती पायरी डोळ्यांसमोर येते.

साहित्यशास्त्रात आमुखाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हा ‘उद्घात्यक’ म्हणून दाखवला आहे. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ दुसऱ्याने त्याच्या शब्दांना जोडून आत येणं ही त्याची खूण. शेजारी ‘कथोद्घात’ ठेवून पाहावा म्हणजे फरक कळतो. ‘रत्नावली’त सूत्रधार नटीला धीर देतो की दैव अनुकूल असेल तर दुसऱ्या बेटावरूनही, समुद्राच्या मधूनही हवं ते आणून जोडतं, आणि मंत्री यौगंधरायण तोच श्लोक ‘असंच आहे, शंका कसली’ म्हणत उचलतो. तिथे अर्थ बदलत नाही, माणूस बदलतो. ‘मुद्राराक्षसा’त शब्द तेच राहून अर्थ पालटतो. म्हणून इथे दोघांच्या मध्ये गैरसमज आहे, आणि गैरसमज हेच पुढच्या कारस्थानाचं इंधन आहे. चाणक्य, जो दुसऱ्यांच्या शब्दांना हवा तो अर्थ लावून राज्यं हलवतो, तो रंगमंचावर येतो तो स्वतः एका शब्दाचा चुकीचा अर्थ घेऊन. त्यातून त्याची जागरूकताही दिसते आणि धास्तीही.

या चौकटीने आणखी एक काम केलं आहे. ‘रक्षत्येनं’ या शब्दात निकाल सांगून टाकला आहे : चंद्र वाचणार. आता प्रेक्षक ‘काय होईल’ म्हणून बसत नाही, ‘कसं होईल’ म्हणून बसतो. हेरांच्या वेषांतरांनी आणि पत्रांनी भरलेल्या कथेत ही सोय नसती तर तिसऱ्या अंकातलं चाणक्य-चंद्रगुप्ताचं खोटं भांडण प्रेक्षकाने खरं मानून धागा सोडला असता. सूत्रधाराने धागा आधीच हातात दिलेला असतो.

बसवताना काय बिघडतं

आवाजाची वेळ ही पहिली अडचण. नेपथ्यातली हाक ‘बलात्’वर चढली पाहिजे. सूत्रधार थांबतो, मग आवाज येतो, असं झालं तर तो अडवला गेला असं वाटत नाही, आवाजाची वाट पाहतो आहे असं वाटतं. तालमीत सूत्रधाराला पूर्ण श्लोक म्हणायला लावावा आणि आतल्या नटाने तो तोडावा. सूत्रधाराला थांबण्याची जागा आधी सांगून ठेवू नये. दहा-बारा वेळा केलं की तो तोडला जाऊनही पुढचा तुकडा त्याच लयीत पूर्ण करायला शिकतो. तो तुकडा नेपथ्याला उत्तर म्हणून फेकायचा नाही. त्याने आवाज ऐकला आहे, पण वाक्य त्याचं त्यालाच पुरं करायचं आहे.

हाक ध्वनिवर्धकातून, घुमवून देण्याचा मोह टाळावा. घुमणारा आवाज आकाशवाणीसारखा लागतो आणि नटीचा ‘पृथ्वीवरचा हा कोण’ हा प्रश्न पोकळ होतो. साध्या गळ्याने, पडद्यामागून, चालत येणाऱ्या माणसाचा आवाज हवा, आणि दुसरी हाक पहिलीपेक्षा जवळून.

सूत्रधार आणि चाणक्य एकाच नटाकडे देता येत नाहीत हे उघड आहे, पण प्रयोगात नट कमी असले की सूत्रधाराला पुढे राक्षसाचं काम देतात. राक्षस दुसऱ्या अंकात येतो, त्यामुळे वेळ मिळतो. मात्र ज्याने ‘क्रूर ग्रह’ म्हटलं तोच नंतर तो ग्रह होऊन येतो, याची जाणीव ठेवून हे करावं.

मराठी प्रेक्षकाच्या कानात सूत्रधार-नटी म्हटलं की संगीत नाटक वाजतं. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं तेव्हापासून ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी आणि तिच्या मागोमाग येणारी सूत्रधार-नटीची लडिवाळ जुगलबंदी ही आपली सवय आहे. कालिदासाच्या नटीला गाणं दिलेलं आहे, ग्रीष्माचं, आणि त्या गाण्यातच सूत्रधार भान हरपून कोणतं नाटक करायचं हे विसरतो. विसरण्याच्या नाटकाला ते शोभतं. ‘मुद्राराक्षसा’च्या नटीला गाणं नाही. तिथे पद घातलं की घरातली लगबग, फसवी बातमी आणि तुटलेला श्लोक यांची घट्ट साखळी सैल पडते.

भाषांतरात मराठीचं नशीब चांगलं आहे, कारण चंद्र, ग्रह, केतू, मंडल, बुध हे सगळे शब्द आपल्याकडे जिवंत आहेत. अडते ती क्रियापदं आणि ‘असंपूर्ण’ची गंमत. ‘ग्रहण लावू पाहतो’ म्हटलं तर फक्त आकाश उरतं, ‘हल्ला करू पाहतो’ म्हटलं तर फक्त रणांगण. ‘ग्रासणे’ दोन्हीकडे चालतं. पूर्ण-अपूर्ण दोन्ही एका ध्वनीत आणणं मराठीत जमत नाही, तेव्हा विशेषणच गाळावं आणि ‘मंडल’ या दुअर्थी शब्दावर भार ठेवावा. उदाहरणार्थ :

‘क्रूर हा ग्रह, सोबत केतू, चंद्राचं मंडल बळानं ग्रासू पाहतो—’
‘कोण रे तो? मी असताना चंद्राला ग्रासणारा?’
‘—पण बुधाचा योग त्याला राखतो.’

‘बुध’ म्हणजे शहाणा हे सगळ्यांना चटकन लागत नाही. त्यासाठी टीप छापण्यापेक्षा आधीच्या प्ररोचनेत सभेला ‘बुधजनहो’ म्हणून हाक मारून ठेवावी. शब्द कानात पेरला गेला की पाच मिनिटांनी उगवतो.

चौकट बंद कुठे होते

प्रस्तावनेत उघडलेलं दार कुठे मिटतं तेही पाहून ठेवावं. सूत्रधार परत येत नाही. सातव्या अंकाच्या शेवटी राक्षस अमात्यपद स्वीकारतो आणि चाणक्य आपली सुटलेली शेंडी बांधतो. हीच शेंडी प्रस्तावना संपल्याक्षणी त्याच्या हातात होती. त्यानंतर भरतवाक्य, म्हणजे शेवटचा आशीर्वादाचा श्लोक, येतं आणि ते राक्षसाच्या तोंडी आहे : म्लेच्छांनी त्रासलेली पृथ्वी ज्याच्या बाहूंचा आश्रय घेते तो राजा चंद्रगुप्त तिचं दीर्घकाळ रक्षण करो. हस्तलिखितांत या जागी राजाचं नाव बदलतं. कुठे चंद्रगुप्त, कुठे अवंतिवर्मा, कुठे दंतिवर्मा. विशाखदत्ताचा काळ ठरवताना अभ्यासक याच पाठभेदांवर वाद घालतात. रंगमंचाच्या बाजूने पाहिलं तर ही तीच जागा आहे जिथे कथेतला राजा आणि समोर सभेत बसलेला राजा एकमेकांच्या जागी ठेवता येतात, जसे प्रस्तावनेत आकाशातला चंद्र आणि पाटलिपुत्राचा चंद्र ठेवले होते. भरतवाक्य बसवताना नटाने ‘चंद्रगुप्त’ हे नाव शेजारच्या पात्राकडे पाहून म्हणावं की समोर प्रेक्षकांकडे पाहून, हा निर्णय तालमीच्या पहिल्या दिवशी, प्रस्तावना बसवतानाच घ्यावा.